फ्लॅट आईचा, टीडीएस माझ्या पॅनवर: दुरुस्ती कोणी आणि कशी करायची?

उंबरठा | १७ ऑगस्ट २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गेले दोन दिवस डोकं चालेनासं झालंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आईचा नाशिकचा फ्लॅट आम्ही मागच्या वर्षी ७२ लाखांना विकला. मालक एकटी आई, वय ७४. तिला ये-जा झेपत नाही म्हणून कुलमुखत्यारपत्र माझ्या नावे होतं आणि सह्या मी केल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये खरेदीदाराने १२ लाख दिले. त्यातले १२,००० टीडीएस कापून त्याने स्वतःच ऑनलाइन भरले. उरलेले ६० लाख २२ नोव्हेंबरला नोंदणीच्या दिवशी आले, म्हणजे कर्जाचा धनादेश आणि त्याचे स्वतःचे मिळून आईच्या खात्यात ५९,४०,०००. बाकीच्या ६०,००० चा टीडीएस त्याच्या एजंटने भरला.

आता आईचं रिटर्न भरायला बसलो. तिच्या २६एएसमध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या विवरणात, फक्त १२,००० दिसतात. खरेदीदाराने दिलेले टीडीएसचे दोन दाखले, १६बी, फाईलमध्ये होते, ते काढून शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यावर आईचं नाव. दुसऱ्यावर माझं! आडनाव तेच, पत्ता तोच, त्यामुळे कागद हातात आला तेव्हा कोणाच्या लक्षातच आलं नाही. एजंटकडे आम्हा दोघांच्या पॅनच्या झेरॉक्स एकत्र होत्या, त्यातली चुकीची उचलली गेली असणार.

आईने लहान घर घेतलंय आणि थोडे पैसे बाँडमध्ये ठेवलेत, त्यामुळे तिचा कर शून्य येतो. म्हणजे पूर्ण ७२,००० परत मिळायला हवेत. खरेदीदाराला फोन केला तर म्हणाला, "काका, सरकारकडे पैसे पोचले ना? मग आमचं काम झालं." हे दुरुस्त कोण करू शकतं? मी करू शकतो का?

---

पेठकर | १७ ऑगस्ट, रात्री १०:१५

एवढं टेन्शन घेऊ नका. खरेदीदाराला आईच्या पॅनवर घरखरेदीच्या टीडीएसचा नवीन फॉर्म, २६क्यूबी, भरायला सांगा. आधीचं चुकीचं असल्यामुळे ते पैसे त्याला परत मिळतात. माझ्या मेव्हण्याने असंच केलं होतं.

आणि त्याने नाही म्हटलं तर सरळ सांगा की चुकीचा पॅन लिहिला की १०,००० दंड असतो. लगेच हलेल.

---

टोरांटोहून | १७ ऑगस्ट, रात्री ११:०५

आमचंही अगदी असंच झालं. पुण्याचा फ्लॅट विकला तेव्हा खरेदीदाराने एक टक्काच कापला. मी अनिवासी असल्याने तो २६क्यूबीमध्ये बसतच नव्हता, त्याला टॅन काढून वेगळ्या दराने कापायचं होतं. नंतर त्याला नोटीस आली आणि त्याने आमच्यावर राग काढला. तुमच्या खरेदीदाराने टॅन काढला होता का?

---

उंबरठा | १७ ऑगस्ट, रात्री ११:२०

@टोरांटोहून, आई नाशिकलाच असते, त्यामुळे तो प्रश्न नाही. कापलेली रक्कम बरोबर आहे, फक्त पॅन चुकला. तुमचं प्रकरण मात्र फारच त्रासाचं झालेलं दिसतंय.

@पेठकर, नवीन भरायचं म्हणजे त्याने आणखी ६०,००० घालायचे? तो तयार होईल असं वाटत नाही.

---

हिशोबवही | १८ ऑगस्ट, सकाळी ७:३०

पेठकर, मेव्हण्याने कधी भरलं ते माहीत नाही, पण या प्रकरणात नवीन २६क्यूबी अजिबात भरू देऊ नका. हिशोबच मांडतो.

कपात नोव्हेंबर २०२४ मधली. महिना संपल्यापासून ३० दिवस, म्हणजे ३० डिसेंबरपर्यंत फॉर्म भरायची मुदत होती. आज नवा फॉर्म भरला तर यंत्रणेच्या दृष्टीने तो ३१ डिसेंबरपासून उशिरा आलेला. दिवसाला २०० रुपये फी. आजपर्यंत २३१ दिवस होतात, म्हणजे ४६,२००. ही फी कराच्या रकमेपेक्षा जास्त होत नाही एवढाच दिलासा. त्यावर दरमहा दीड टक्का व्याज, ते साधारण ९,००० च्या घरात. आणि मूळ ६०,००० पुन्हा. चूक एका पॅनची आणि खरेदीदाराच्या खिशातून एक लाख पंधरा हजारांच्या आसपास जाणार. पहिले ६०,००० परत मिळवायचा अर्ज वेगळा, आणि ते येतील तेव्हा येतील. शिवाय त्याच घराचे ६० लाख आयकर खात्याकडे दोनदा दिसू लागतील, ती गुंतागुंत निराळीच.

भरलेल्या फॉर्मची दुरुस्ती केली तर पैसे भरल्याची तारीख तीच राहते. उशीर नाही, म्हणून फी नाही आणि व्याजही नाही.

दंडाचं म्हणाल तर १०,००० ची तरतूद आहे, पण ती चुकीचा आहे हे माहीत असताना दिलेल्या क्रमांकासाठी आहे. पत्रकात चुकीची माहिती दिल्याबद्दलचं कलमही आहे. तरी स्वतःहून दुरुस्त केलेल्या प्रामाणिक चुकीवर दंड झालेला मी इतक्या वर्षांत पाहिलेला नाही. खरेदीदाराला धमकी देऊ नका. किल्ली फक्त त्याच्याच हातात आहे, त्याला दुखवून तुमचंच काम अडेल.

उंबरठा, तुम्ही किंवा आई ही दुरुस्ती करू शकत नाही. ज्याने फॉर्म भरला त्यानेच ती करायची.

आता एक प्रश्न, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुमचं स्वतःचं रिटर्न भरून झालंय का?

---

उंबरठा | १८ ऑगस्ट, सकाळी ९:१०

हो, २० जुलैला भरलं. नोकरीचाच पगार आहे, दरवर्षी आधीच भरून आलेली माहिती बघतो आणि सबमिट करतो. त्याचा इथे काय संबंध?

---

हिशोबवही | १८ ऑगस्ट, सकाळी ९:२५

ते रिटर्न उघडा आणि रिफंड किती दाखवलाय ते बघा.

---

उंबरठा | १८ ऑगस्ट, सकाळी ९:५०

६३,४००.

दरवर्षी तीन-चार हजार असतो. या वर्षी कंपनीने जास्त कापला असेल असं मी धरून चाललो होतो. टीडीएसच्या तक्त्यात पगाराखाली खरेदीदाराच्या पॅनसमोर ६०,००० आहेत. म्हणजे आईचे पैसे मी माझ्या नावावर मागितले आहेत. हात थरथरतायत माझे. रिफंड अजून खात्यात आलेला नाही.

---

पेठकर | १८ ऑगस्ट, सकाळी १०:३०

पण मग सगळं सोपंच झालं की! तुमच्याकडे रिफंड येऊ द्या आणि ते ६०,००० आईला द्या. घरातलेच पैसे. दुरुस्तीची यातायात कशाला?

---

रुजुता_सीए | १८ ऑगस्ट, दुपारी १२:४५

पेठकर, असं करता येत नाही आणि करूही नये. टीडीएसचं क्रेडिट ज्याचं उत्पन्न त्यालाच. यांच्या रिटर्नमध्ये घरविक्री नाही आणि त्या विक्रीवरचा टीडीएस मात्र आहे. उद्या यांच्याकडे विचारणा येईल की ६० लाखांची मालमत्ता विकलीत, भांडवली नफा कुठे दाखवलात? आईकडे विचारणा येईल तीही खरी, कारण नोंदणीची माहिती दुय्यम निबंधकाकडून तिच्या पॅनवर जाते. एका घराच्या विक्रीबद्दल दोन माणसं उत्तरं देत बसतील.

उंबरठा, घाबरू नका. रिटर्न सुधारायची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत आहे. आजच सुधारित रिटर्न भरा आणि त्यातून ते ६०,००० काढून टाका. मधल्या काळात रिफंड आलाच तर सुधारित रिटर्नमध्ये तो व्याजासह परत भरावा लागेल. तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणातही, ती नोंद असेल. तिथे प्रतिसाद द्यायची सोय आहे, त्यातला `Information relates to other PAN/Year` हा पर्याय निवडा. याने दुरुस्ती होत नाही, पण तुम्ही वेळेत कळवलं होतं याची नोंद राहते.

---

नवाघरमालक | १८ ऑगस्ट, दुपारी ३:२०

मी यात खरेदीदाराच्या जागी होतो, म्हणून त्या बाजूने सांगतो. माझ्याकडून विक्रेत्याच्या बायकोचा पॅन पडला होता.

तुमचा खरेदीदार चिडलेला नसेल, त्याला काय करायचं हेच माहीत नसेल. मलाही नव्हतं. दुरुस्ती जिथे पैसे भरले त्या संकेतस्थळावर होत नाही, ट्रेसेस या आयकर खात्याच्या टीडीएससाठीच्या संकेतस्थळावर होते. १६बी त्याने तिथूनच उतरवला असणार, म्हणजे त्याचं खातं आहे. करदाता म्हणून लॉगिन करायचं आणि इथे जायचं:

```
Statements/Forms > Request for Correction
```

तिथे फॉर्मचा प्रकार, आकारणी वर्ष, पोचपावती क्रमांक आणि विक्रेत्याचा पॅन विचारतात. माझे इथे दोन दिवस वाया गेले. मी दर वेळी बरोबर पॅन टाकायचो आणि नोंद सापडत नाही म्हणायचं. तिथे आधी भरलेला, चुकीचाच पॅन टाकायचा असतो, कारण आत्ता त्याच नावावर फॉर्म पडलेला आहे. बरोबर पॅन पुढच्या पडद्यावर.

विनंती नोंदली की लगेच काही उघडत नाही. `Track Correction Request` मध्ये ती `Available` दिसेपर्यंत थांबायचं, माझ्याकडे एक दिवस गेला. मग फॉर्म उघडतो, विक्रेत्याचा पॅन बदलायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही. मी उत्साहात पत्त्यातलं स्पेलिंगही सुधारायला गेलो होतो, सीएने थांबवलं.

शेवटी मंजुरीचा प्रश्न येतो. माझ्याकडे डिजिटल सही नव्हती, त्यामुळे छापील पोचपावती घेऊन आयकर अधिकाऱ्याकडे जावं लागलं. सोबत ओळखपत्र, पॅन, नोंदणीचा दस्त आणि पैसे भरल्याचा पुरावा. खरं काम तिथेच होतं.

---

रुजुता_सीए | १८ ऑगस्ट, सायंकाळी ५:००

अगदी बरोबर. मंजुरीचा मार्ग काय बदललंय आणि खरेदीदाराकडे कोणती सोय आहे त्यावर ठरतो, म्हणून पडद्यावर जे सांगेल तेच खरं धरा.

या प्रकरणात एक जमेची बाजू आहे. त्याच खरेदीदाराने, त्याच घरासाठी, दोन महिने आधी बरोबर पॅनवर १२,००० भरलेत. दोन्ही १६बी शेजारी ठेवले की चूक कोणालाही दिसते. इंडेक्स २ ची प्रतही जोडा. त्यात विकणाऱ्याच्या रकान्यात आईचं नाव असतं आणि पॅन दिला असेल तर तोही असतो. ५९,४०,००० आईच्या खात्यात जमा झाल्याचं पासबुकाचं पान जोडा.

आणि तुमचं एक साधं पत्र द्या: ही मालमत्ता माझी नाही, या टीडीएसचं क्रेडिट मी घेतलेलं नाही आणि घेणार नाही. म्हणूनच आधी सुधारित रिटर्न, मग पत्र. "घेतलेलं नाही" हे वाक्य आज तुम्हाला खरेपणाने लिहिता येणार नाही. चुकीच्या पॅनवाल्याने क्रेडिट उचललं असेल तर अधिकारी मंजुरी द्यायला का कू करतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. सरकारने तेच ६०,००० दोनदा का द्यावेत?

---

आडवाट | १८ ऑगस्ट, रात्री ८:३०

आईचा पॅन आधारला जोडलेला आहे ना, तेही बघून घ्या. पॅन निष्क्रिय असेल तर कपात २० टक्क्यांनी हवी होती असं धरून खरेदीदाराला फरकाची मागणी येते. ७४ वय म्हणजे जोडणीतून सूट नाही, ती ८० पासून आहे.

---

उंबरठा | १८ ऑगस्ट, रात्री १०:१०

पॅन जोडलेला आहे, आत्ताच तपासलं.

माझं सुधारित रिटर्न भरलं, रिफंड आता ३,४००. आईला सांगितलं तर तिला वाटलं मला काही शिक्षा होणार, बराच वेळ समजूत घालावी लागली.

खरेदीदाराला नवाघरमालक यांचा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवला. पैसे पुन्हा भरायचे नाहीत हे कळल्यावर त्याचा आवाजच बदलला. त्याला तीच भीती होती. शनिवारी आमच्याकडे येऊन माझ्यासमोर अर्ज भरतो म्हणालाय.

आता आईच्या रिटर्नचं काय करू? मुदत १५ सप्टेंबर आहे. तोपर्यंत दुरुस्ती झाली नाही तर?

---

रुजुता_सीए | १९ ऑगस्ट, सकाळी ११:००

मुदत चुकवू नका. मी माझ्या अशिलांना सांगते की २६एएसमध्ये दिसतात तेवढेच १२,००० आत्ता मागा आणि ६०,००० दिसू लागले की ३१ डिसेंबरच्या आत रिटर्न सुधारा. न जुळणारी रक्कम मागितली की सूचना येतात, उत्तरं द्यावी लागतात. ७४ वर्षांच्या बाईंना तो ताप कशाला?

---

हिशोबवही | १९ ऑगस्ट, दुपारी १:१५

इथे मी असहमत आहे, आणि कारण सांगतो.

दुरुस्ती ३१ डिसेंबरच्या आत होईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. फाईल अधिकाऱ्याच्या टेबलावर जाणार, त्यांची बदली होऊ शकते, एखादा कागद कमी पडू शकतो. जानेवारी उजाडला की रिटर्न सुधारता येत नाही. मग जी रक्कम मूळ रिटर्नमध्ये मागितलेलीच नाही ती नंतर मिळवणं फार अवघड जातं.

त्याऐवजी पूर्ण ७२,००० मागा. दोन्ही नोंदी टीडीएसच्या तक्त्यात खरेदीदाराच्या पॅनसह लिहा. जुळत नाहीत म्हणून ६०,००० वगळून सूचनापत्र आलं तर येऊ द्या. आईंचा कर शून्य असल्यामुळे मागणी निघणार नाही, फक्त रिफंड १२,००० चाच येईल. पुढे २६एएस सुधारलं की त्या सूचनापत्रावर दुरुस्तीचा अर्ज करायचा, तिथे टीडीएस न जुळल्याचा पर्याय असतो. त्याला चार वर्षांची मुदत आहे. कर भरायचा बाकी असता तर मी कदाचित रुजुतांचं ऐकलं असतं, कारण तेव्हा मागणी आणि व्याज डोक्यावर बसतं.

---

रुजुता_सीए | १९ ऑगस्ट, दुपारी २:४०

कर शून्य असल्याचा मुद्दा मान्य. तरी रिटर्नमध्ये लिहिलेली प्रत्येक रक्कम त्या दिवशी नोंदीत दिसायला हवी, हे माझं मत कायम आहे. उंबरठा, दोन्ही बाजू तुमच्यासमोर आहेत. तुमच्या सीएशी बोलून ठरवा.

---

टोरांटोहून | १९ ऑगस्ट, रात्री ९:३०

खरेदीदाराने सहकार्य केलंच नसतं तर? आमचा फोनच उचलत नव्हता.

---

हिशोबवही | २० ऑगस्ट, सकाळी ७:४५

मग वाट लांबची असते. आधी लेखी पत्र रजिस्टर पोस्टाने, मग वकिलाची नोटीस, आणि सोबत आयकर खात्याकडे तक्रार. कर कापून घेतला असेल तर तेवढ्याच करासाठी विकणाऱ्याकडे पुन्हा मागणी करता येत नाही, असं कायद्यातच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये पगारातून कापलेल्या, पण मालकाने न भरलेल्या कराबद्दल तसंच म्हटलं होतं. पण मागणी थांबवणं आणि रिफंड मिळवणं या दोन गोष्टी आहेत. रिफंडसाठी नोंद जुळावीच लागते, आणि तिथे सामान्य माणूस वर्षानुवर्षं अडकतो. ही व्यवस्था मला अन्यायाची वाटते. ज्याचे पैसे गेले त्याच्या हातात दुरुस्तीचा एक अर्जही नाही.

---

उंबरठा | १२ ऑक्टोबर २०२५, सकाळी १०:२०

बरेच दिवसांनी लिहितोय, क्षमस्व.

खरेदीदार शनिवारी आला. चुकीचा पॅन टाकूनच विनंती गेली, मंगळवारी फॉर्म उघडला. त्याच्याकडे डिजिटल सही नसल्यामुळे पोचपावतीचा कागद घेऊन कार्यालयात जावं लागलं. मीही सोबत गेलो. अधिकाऱ्यांनी दोन्ही १६बी शेजारी ठेवून पाहिले, इंडेक्स २ पाहिला आणि मला पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही क्रेडिट घेतलंत का?" सुधारित रिटर्नची पोचपावती पुढे केली. त्यांनी माझं पत्र आणि खरेदीदाराकडून हमीपत्र घेतलं. हमीपत्र मुद्रांकावर मागितलं, त्यासाठी एक खेप वाढली.

आईचं रिटर्न १० सप्टेंबरला भरलं, हिशोबवहींच्या सल्ल्याने पूर्ण ७२,००० मागून. परवा तिच्या २६एएसमध्ये दोन ओळी दिसल्या: १२,००० आणि ६०,०००. माझ्याकडची ओळ गेली. खरेदीदाराने नवा १६बी उतरवून दिला, आता त्यावर आईचं नाव आहे. माझ्या एआयएसमध्ये मात्र जुनी नोंद अजून दिसतेय.

---

हिशोबवही | १२ ऑक्टोबर, दुपारी १२:००

फार बरं वाटलं. एआयएस मागून सुधारतं, महिनाभराने पुन्हा बघा. जुना १६बी फाडू नका, नव्याला टाचून ठेवा. सूचनापत्र आलं की रक्कम इथे कळवा.

---

आडवाट | १२ ऑक्टोबर, रात्री ९:१५

माझ्या मामांच्या बाबतीत पॅन दिवंगत मामींचा पडलाय. तिथे "क्रेडिट घेतलेलं नाही" असं पत्र कोणी द्यायचं, वारसांनी का? नवा धागा काढू की इथेच विचारू?